लालकाठी घेवड्याचं बी पुण्यात खात्रीने कुठे मिळेल?

गच्चीवाली | ११ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. कोथरूडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर यंदा मृगाला एक घेवडा लावायचा आहे आणि त्याचं बी कुठेच मिळत नाहीये.

सासूबाईंचं माहेर भोर तालुक्यात, नीरा-देवघर धरणाच्या अंगाला. त्यांच्याकडे या घेवड्याला 'लालकाठी' म्हणायचे. शेंग बोटभर लांब, चपटी, हिरवी आणि दोन्ही कडांना तांबूस-जांभळी रेघ. वेल गोठ्याच्या कुडावर चढायचा. दिवाळीच्या आसपास शेंगा सुरू व्हायच्या त्या होळीपर्यंत चालायच्या. माहेरचं घर आता बंद आहे, बी कुणी राखलेलं नाही.

मार्केट यार्डात बियाण्यांच्या दुकानांत विचारलं. एकाने 'घेवडा' ऐकल्याबरोबर श्रावण घेवड्याचं पाकीट पुढे केलं, शेजारच्याने वालपापडीचं. सिंहगड रोडच्या एका नर्सरीत "आहे ना ताई, उद्या या" म्हणाले. दुसऱ्या दिवशी पिशवीतलं रोप घरी आणलं तर सासूबाई पान बघूनच म्हणाल्या, ही चवळी आहे, देऊन ये परत. ऑनलाइन एका ठिकाणी 'लाल कडेचा देशी घेवडा' दिसतोय, दहा बिया, किंमत अव्वाच्या सव्वा.

भरवशाची नर्सरी किंवा बीविक्रेता कुणाला माहीत आहे का?

---

सुगरण_पौडरोड | ११ मे, रात्री १०.१५

श्रावण घेवडा ना? तो आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे बारा महिने असतो. शिरा काढून, ओलं खोबरं आणि जरा गूळ घालून करा. बियांचं कशाला मनावर घेताय!

---

गच्चीवाली | ११ मे, रात्री १०.२२

नाही हो ताई, श्रावण घेवडा नाही. तो गोल, लांब. हा चपटा, वेलावरचा, पावट्याच्या जातीतला. भाजी तुमच्या पद्धतीने नक्की करेन, आधी शेंगा तर येऊ देत. :)

---

चिंचवडकर | १२ मे, सकाळी ७.५०

एवढं फिरायचं कारणच नाही. किराणा दुकानातून पाव किलो कडवे वाल आणा आणि पेरा. वाल, पावटा, घेवडा सगळं एकच. मी स्वतः बाल्कनीत उगवले आहेत, छान येतात.

---

वेल्हेकर | १२ मे, सकाळी ११.०५

चिंचवडकर, अर्धं बरोबर आहे तुमचं. वनस्पती एकच, पण वाण एक नाही. कडवा वाल म्हणजे रायगडात भात काढल्यावर जमिनीतल्या ओलीवर घेतात ते बुटकं पीक. ते दाण्यासाठी असतं. गच्चीवाली ताईंना हवा आहे तो परसातला, मांडवावरचा, कोवळ्या शेंगेचा वेल. कडवे वाल पेरले तर झाड येईल, शेंग येईल, पण सासूबाई पुन्हा म्हणतील, देऊन ये परत.

ताई, माझं निम्मं आयुष्य कृषी खात्यात वेल्हे-भोर पट्ट्यात गेलं. नर्सरीचा पत्ता मागण्याआधी एक समजून घ्या. 'लालकाठी' हे नाव चार-पाच गावांपलीकडे कुणी ओळखत नसेल, आणि पलीकडच्या खोऱ्यात याच नावाने वेगळाच वाल असू शकेल. दुकानदार नाव ऐकून 'नाही' म्हणत नाही, जवळचं काहीतरी देतो. यात दर वेळी लबाडी असतेच असं नाही, त्याच्यासाठी घेवडा म्हणजे घेवडा. म्हणून नाव घेऊन फिरू नका, खुणा घेऊन फिरा. सासूबाईंना निवांत बसवून हे विचारा:

फूल पांढरं की जांभळं? वाळलेलं बी कोणत्या रंगाचं, ठिपके होते का? शेंगेत दाणे किती? शेंग चुरगळली की हाताला तेलकट उग्र वास यायचा का? वेल एकदा लावला की एकाच हंगामात काढून टाकायचे की पुढच्या वर्षी त्याच बुंध्यावर फुटायचा?

उत्तरं इथे टाका, मग पुढचं बोलू.

---

सासवडी | १२ मे, दुपारी १.३०

मला हाच अनुभव वांग्यात आला. आमच्या शेजारी एक काका काटेरी, जांभळं-पांढरं पट्ट्याचं वांगं लावायचे, नाव फक्त 'आमचं वांगं'. मी सोलापूर रोडला सोरतापवाडीच्या बाजूला रोपवाटिकांमधून हिंडलो. सगळीकडे कंपनीच्या संकरित वाणांचीच रोपं. शेवटी एकाने सरळ सांगितलं, "साहेब, आम्ही गिऱ्हाईक ऑर्डर देईल तेच टाकतो. तुमचं बी आणून द्या, रोपं करून देतो." काकांकडून पिकलेलं फळ आणलं, बी काढून दिलं, एक ट्रे भरून रोपं मिळाली. रोपामागे मजुरी घेतात. म्हणजे नर्सरीकडे वाण मागायचा नाही, बी आपलं न्यायचं आणि रोप त्यांच्याकडून करून घ्यायचं.

मात्र ट्रेवर पट्टी स्वतः लावा. आणि पट्टी कागदाची नको, दोन पाण्यात शाई जाते. आमच्या ट्रेशेजारी दुसऱ्या कुणाचा वांग्याचाच ट्रे होता, आणि वीस दिवसांच्या वांग्याच्या रोपाला ओळखायला ब्रह्मदेव खाली यावा लागेल. मी कोपऱ्यातल्या खणांमध्ये मुद्दाम झेंडू टाकायला सांगितला होता, त्यावरून ट्रे ओळखला.

---

वेल्हेकर | १२ मे, दुपारी २.१०

झेंडूची युक्ती आवडली. वांगी, मिरची, टोमॅटोला हे अगदी योग्य. घेवड्याला मात्र रोपवाटिकेची गरज नाही. त्याचं सोटमूळ पटकन खाली जातं, ट्रेत दोन आठवडे अडकलं की वळतं, आणि असा वेल लावल्यावर महिनाभर नुसता बसून राहतो. बी जागेवर टोकायचं. घेवड्याचं हातभर वाढलेलं रोप कुणी पिशवीत विकत असेल तर ते घेऊच नये, मग वाण खरा का असेना.

---

गच्चीवाली | १३ मे, सकाळी ८.३०

सासूबाईंची मुलाखत झाली. फूल जांभळं, "देवीला वाहायचो" असं नक्की आठवतंय. बी तपकिरी, काळपटाकडे झुकणारं, ठिपके नव्हते. दाणे चार-पाच. वासावर त्या हसल्या, म्हणाल्या, "वास नसेल तर तो घेवडाच नव्हे." बुंधा उन्हाळ्यात वाळला तरी उपटत नसत, पाऊस पडला की काही वेल पुन्हा फुटायचे.

---

वेल्हेकर | १३ मे, सकाळी १०.४५

छान. आता तुमच्याकडे नावापेक्षा पक्कं काहीतरी आहे.

पहिली चाळणी बियांचीच. या जातीच्या प्रत्येक बीला एका कडेने पांढरी, उठलेली, लांब रेघ असते. नख लावलं तर जाणवते. श्रावण घेवडा, राजमा, चवळी यांना अशी रेघ नसते, तिथे नुसता छोटा डोळा असतो. म्हणजे घेवडा म्हणून चवळी गळ्यात मारणं एवढं तरी दुकानातच थांबतं. कंपनीच्या पाकिटातलं बी कधी गुलाबी किंवा हिरव्या औषधात घोळलेलं असतं, त्यात मूळ रंग झाकला जातो. तुम्हाला बीच्या रंगावरून ओळखायचं आहे, तेव्हा रंगवलेलं बी उपयोगाचं नाही.

दुसरी चाळणी रोपाची. हाताएवढं झालं की खोड आणि पेरं बघा. जांभळ्या फुलाच्या वेलाला तिथे बहुधा जांभळी झाक असते. सगळं रोप पोपटी-हिरवं असेल तर फूल पांढरं येण्याची शक्यता जास्त, आणि मग शेंगेला तांबडी कड येईल ही आशा सोडा.

तिसरी चाळणी वेळेची, आणि ती कुणालाच फसवता येत नाही. जुने वेलाचे घेवडे दिवस लहान होण्याची वाट बघतात. जूनमध्ये टोका नाहीतर ऑगस्टमध्ये, फूल येणार नवरात्र-दिवाळीच्या सुमारास. दापोलीचं कोकण भूषण, बेंगळुरूचे अर्का जय आणि अर्का विजय हे बुटके वाण दिवसाच्या लांबीला जुमानत नाहीत, दीड-दोन महिन्यांत फुलतात. वाईट नाहीत, कुंडीला उलट सोयीचे. पण जूनमध्ये टोकलेलं झाड ऑगस्टमध्ये कमरेएवढं राहून फुललं तर समजा, विक्रेत्याने तुम्हाला या प्रकारातलं काहीतरी दिलं आहे. ही परीक्षा पावसाळ्याच्या पेरणीतच होते. जानेवारीत टोकलात तर दिवस आधीच लहान असतो, मग जुना वेलसुद्धा गुडघ्याएवढा असतानाच फुलायला लागतो आणि काहीच कळत नाही.

---

रानमेवा | १३ मे, दुपारी ४.२०

ते सगळं ठीक, पण बी आणायचं कुठून? वेल्हेकर काका प्रश्न सोडून परीक्षेचा पेपर काढून बसलेत. :D

माझ्याकडून एक पत्ता. वारज्याला बाएफचं मुख्य कार्यालय आहे. त्यांनी अकोले, जव्हार, धडगाव अशा भागांत गावरान वाणांच्या बियाणे बँका उभ्या करायला मदत केली आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्यांच्या संग्रहात घेवड्या-वालाचेच कितीतरी वाण आहेत. तिथल्या बचत गटांकडून बियांची छोटी पाकिटं मिळतात. मी परसबागेचा संच घेतला होता, उगवण चांगली झाली.

---

गच्चीवाली | १३ मे, सायंकाळी ६.००

रानमेवा, धन्यवाद! वारजे तर आमच्या दाराशीच. पण अकोल्याचा घेवडा आणि भोरचा घेवडा एकच असेल का?

---

वेल्हेकर | १३ मे, रात्री ८.१५

तोच असेल असं नाही. अकोल्याकडची नावं वेगळी, निवड वेगळी. पण तिथल्या माणसांना फुला-शेंगेच्या खुणा सांगितल्या तर ते नावाशी न अडता खुणांवरून बोलतात, हा मोठा फरक. जाण्याआधी फोन करा, आणि 'लालकाठी आहे का' असं विचारू नका. 'जांभळ्या फुलाचा, चपट्या शेंगेचा, कडेला तांबडी रेघ असलेला वेल कुणाकडे आहे का, आणि त्याला तुमच्याकडे काय म्हणतात' असं विचारा. आपण नाव पुढे केलं की समोरचा होकार देतो. नाव त्याच्याकडून येऊ द्या.

विक्रेता कोणीही असो, आणखी एक प्रश्न विचाराच: हे बी गेल्या हंगामात कुणाच्या वेलावरचं? "माझ्या मांडवावरचं, माघात उतरवलं" असं उत्तर आलं तर निम्मं काम झालं. "माल वरून येतो" असं आलं तर त्या माणसाला वाणाबद्दल तुमच्याइतकंच ठाऊक आहे.

शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात आणि बारामती, नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रांत बियाणं मिळतं, पण ते विद्यापीठांनी प्रसारित केलेल्या वाणांचं. तिथे गावठी नाव घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. त्यांचा दोष नाही, ते काम त्यांचं नाही. कोरेगाव रोडला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, तिथे नमुना दाखवून वनस्पती कोणती ते कळू शकतं. मात्र ते जात सांगतील, भोरचा की जुन्नरचा हे नाही.

---

कायदेपंडित | १४ मे, सकाळी ९.१०

एक इशारा. बियाणे अधिनियम १९६६ आणि बियाणे नियंत्रण आदेश १९८३ प्रमाणे परवान्याशिवाय बियाणं विकता येत नाही. बाजारात बसलेल्या आजीकडून बी घेणं म्हणजे बेकायदा व्यवहार. लेबल, लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी असलेलं सीलबंद पाकीटच घ्यावं.

---

वेल्हेकर | १४ मे, सकाळी ११.३०

परवाना बियाण्यांचा धंदा करणाऱ्या विक्रेत्याला लागतो, हे खरं. पण २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचं कलम ३९ वाचा. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि विकायचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही. आजीच्या पदरात बांधलेल्या मूठभर घेवड्याला कुणी हात लावत नाही.

लेबलाचं म्हणाल तर बघाच, जरूर बघा. पण नेमकं काय बघायचं? पीक आणि वाणाचं नाव, लॉट नंबर, चाचणीची तारीख, उगवण, वैधता. वाणाच्या रकान्यात नुसतं 'देशी घेवडा' असेल तर त्या पाकिटाने तुम्हाला वाणाबद्दल काहीही सांगितलेलं नाही. 'सत्यप्रत' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ लेबलावरच्या मजकुराची जबाबदारी विकणाऱ्याची. सरकारी यंत्रणेने प्रमाणित केलेलं बियाणं ही वेगळी गोष्ट. आणि लेबलावर लिहिलेलंच नाही त्याची जबाबदारी कोण घेणार?

---

कायदेपंडित | १४ मे, दुपारी १२.०५

कलम ३९ मान्य. पण फसवणूक झाली तर आजीच्या विरोधात ग्राहक आयोगात जाल का? बिल नाही, पावती नाही. तो धोका राहतोच.

---

वेल्हेकर | १४ मे, दुपारी १२.२०

राहतो. म्हणून थोडंच घ्यायचं आणि एकाच ठिकाणाहून घ्यायचं नाही.

---

मावळातून | १४ मे, रात्री ९.५५

ताई, मी दर पंधरवड्याला कामासाठी भोरला जातो. तिथल्या आठवडे बाजारात हिरडोशी खोऱ्यातल्या बायका पाटीत सुकं धान्य घेऊन बसतात. तुमच्या खुणा छापून नेतो आणि विचारतो. पण घाई करा. मृग तोंडावर आला की राखलेलं बी पेरणीत जातं, मग उरतं ते भुंग्याने पोखरलेलं.

---

गच्चीवाली | १४ मे, रात्री १०.१०

दादा, फार उपकार होतील! पैसे आधी पाठवते.

---

मावळातून | २६ मे, रात्री ८.४०

आज चौकशी केली. 'लालकाठी' म्हटल्यावर तरुण बायकांनी मान हलवली. एका म्हाताऱ्या मावशींना शेंगेची खूण सांगितली तर म्हणाल्या, "आमी त्येला तांबडकडी म्हन्तो." नमुन्याला पदराच्या गाठीतून चार दाणे काढून दाखवले, बाकीचं घरी आहे म्हणाल्या. फोटो टाकलाय. पुढच्या बाजाराला वाटीभर आणतील. फूल कसलं विचारलं तर म्हणाल्या, जांभळं. मी रंग सांगितला नव्हता, नुसतं 'फूल कसलं' एवढंच विचारलं.

---

वेल्हेकर | २६ मे, रात्री ९.३०

शाब्बास, असंच विचारायचं. फोटोत पांढरी रेघ स्पष्ट आहे. रंगही ताईंनी सांगितला तसाच. पण चारातल्या एका दाण्याला बारीक गोल भोक दिसतंय, भुंगा लागलेला आहे. बी हातात आलं की आधी सगळं ताटात पसरून भोकाचे दाणे काढून टाका. मग त्यातले वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आठवडाभरात पंधरा-सोळा मोडले तर उत्तम. दहाच मोडले तर एका आळ्यात दोनच्या जागी चार टोका. पाचावर आले तर दुसरं बी शोधा.

उरलेलं बी दोन दिवस कडक सावलीत वाळवून, घट्ट झाकणाच्या बरणीत भरून, चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवलंत तर आतली अळी मरते. बी ओलसर असेल तर मात्र फ्रीझरमध्ये बीच मरेल. दाताखाली कट्कन फुटलं पाहिजे, इतकं वाळलेलं हवं. बरणी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, आत दव धरतं.

---

आयटीवाला_बाणेर | २७ मे, सकाळी १०.००

'कडक सावली' हा शब्दप्रयोग माझ्या डायरीत गेला. :)

बाय द वे, माझ्याकडे गेल्या वर्षी वेल छतापर्यंत गेला, नुसती पानं. डिसेंबर उलटला तरी फूल नाही. शेणखत भरपूर घातलं होतं. बी खराब असेल का?

---

वेल्हेकर | २७ मे, दुपारी १२.१५

दोन गोष्टी तपासा. नत्र जास्त झालं तर वेल पानातच रमतो, ही एक. दुसरी, रात्री वेलावर उजेड पडतो का? पार्किंगचा दिवा, रस्त्याचा खांब? या जुन्या वाणांना लांब, अखंड अंधारी रात्र लागते. दिवा वेलावर पडत असेल तर त्याला अजून उन्हाळाच वाटतो.

---

आयटीवाला_बाणेर | २७ मे, दुपारी १२.२०

सोसायटीचा हॅलोजन. बरोब्बर कठड्यावर. पहाटेपर्यंत चालू.

---

गच्चीवाली | ७ जून, सायंकाळी ७.३०

अपडेट. तीन ठिकाणचं बी हातात आहे.

एक, भोरच्या मावशींचं. भोकाचे दाणे बरेच निघाले, उरलेल्यांपैकी वीसमधले चौदा मोडले. दोन, वारज्याला चौकशी केल्यावर एका बचत गटाकडून आलेलं पाकीट. त्यावर वाणाचं नाव आणि गावाचं नाव हाताने लिहिलंय. बी फिकट तपकिरी, वीसमधले अठरा मोडले. तीन, तेच ऑनलाइन दहा दाण्यांचं पाकीट, शेवटी मागवलंच. त्यावर लॉट नंबर नाही, तारीख नाही, फोटो मात्र झकास. मोजून दहाच दाणे, त्यामुळे फडक्यात न घालता थेट टोकले.

तिन्ही वेगवेगळ्या कोपऱ्यांत लावलेत. सोसायटीचा दिवा कुठवर पोचतो तेही रात्री जाऊन बघून आले.

---

सासवडी | ७ जून, रात्री ८.०५

पाट्या लावल्यात ना? कागदाच्या नको!

---

गच्चीवाली | ७ जून, रात्री ८.१०

ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरलंय. ब्रह्मदेवाला त्रास नको.

---

गच्चीवाली | २१ ऑगस्ट, सकाळी ९.००

तिसऱ्या कोपऱ्यातलं झाड मांडीएवढं उंच आहे आणि फुललंय. पांढरं फूल. शेंगा धरायला लागल्या, संपूर्ण हिरव्या, कडेला काहीही नाही. विक्रेत्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं की "ऊन कमी पडत असेल, रंग नंतर येईल."

बाकीचे दोन्ही वेल मांडवावर, फुलांचं नाव नाही. मावशींच्या वेलाची पेरं गर्द जांभळी. बचत गटाच्या वेलाची पेरं किंचित जांभळी, पण त्यातला एक वेल पूर्ण हिरवा आहे.

---

वेल्हेकर | २१ ऑगस्ट, सकाळी ११.२५

ऊन कमी पडलं तर रंग फिका होतो, हे विक्रेत्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण फूल पांढरं, खोड हिरवं आणि ऑगस्टात बहर, तिन्ही एकत्र आल्यावर उन्हाला दोष देता येत नाही. बुटका वाण आहे. शेंगा खा, बी राखू नका.

बचत गटाच्या पाकिटातला हिरवा वेल वेगळा दोरा बांधून ठेवा. घेवडा स्वतःच्याच परागावर बी धरतो, पण भुंगे आणि मधमाश्या फुलांवर फिरतात, थोडाफार संकर होतोच. किंवा उफणताना दुसऱ्या वेलाचा दाणा मिसळला असेल. लगेच कुणाला लबाड ठरवू नका. एखादा वेगळा वेल निघाला तर मिसळ, निम्मे वेगळे निघाले तर ते बी राखणाऱ्याचं लक्ष नाही.

---

चिंचवडकर | २१ ऑगस्ट, दुपारी १.००

म्हणून म्हणत होतो, किराणा दुकानातले कडवे वाल.

---

गच्चीवाली | ४ नोव्हेंबर, सायंकाळी ६.२०

मावशींचा वेल फुलला, गडद जांभळा. पहिल्या शेंगा बोटाएवढ्या झाल्यात. कड तांबडी आहे, पण एकाच बाजूची, शिरेकडची. दुसरी कड हिरवी. सासूबाई चष्मा लावून, चष्मा काढून, चुरगळून वास घेऊन झाल्या. म्हणतात, "वास तोच, चवही तीच. पण आमच्या दोन्ही कडा तांबड्या होत्या."

बचत गटाचा वेलही फुललाय. त्याच्या दोन्ही कडा तांबड्या, मात्र शेंग रुंद आणि दाणे तीनच.

आता यातला कुठला लालकाठी म्हणायचा?

---

रानमेवा | ४ नोव्हेंबर, सायंकाळी ६.५०

कोवळ्या शेंगेवर रंग पूर्ण चढलेला नसेल. आमच्याकडे थंडी वाढल्यावर जास्त गडद होतो.

---

वेल्हेकर | ४ नोव्हेंबर, रात्री ८.००

मला खात्रीने सांगता येणार नाही. रानमेवा म्हणते ते शक्य आहे, डिसेंबरपर्यंत थांबा. मावशींचा वेल त्याच खोऱ्यातला आहे, पण खोऱ्यातही घरोघर थोडा फरक असायचा. प्रत्येक घर आपल्याला आवडेल ती शेंग बियांना ठेवायचं. दोन्ही वेलांचं बी वेगवेगळं राखा. मावशींच्या वेलावर ज्या शेंगांच्या कडा सगळ्यात जास्त तांबड्या दिसतील त्या सासूबाईंच्या हाताने निवडून घ्या, त्यांना दोरा बांधा आणि वेलावरच वाळू द्या. सगळ्याच वेलावर रंगाचा फरक सारखा असेल तर निवडीने काही हाती लागणार नाही. पण वेला-वेलांत फरक असेल, तर दोन-तीन हंगामांत कळेल.

आणि मावा बघत राहा. या दिवसांत फुलांच्या दांड्यांवर काळा थर चढतो, मग बीच भरत नाही. पाण्याचा जोरात फवारा मारून धुऊन काढा.

---

मावळातून | ५ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

मावशींना फोटो दाखवतो पुढच्या खेपेला. त्यांच्या शेजारणीकडेही आहे म्हणे, तिचा वेगळा आहे असं त्या त्या दिवशीच म्हणाल्या होत्या, मी लक्ष दिलं नव्हतं.

---

नवी_बिबवेवाडी | ५ नोव्हेंबर, सकाळी ११.४०

धागा पूर्ण वाचला. आमच्याकडे जुन्नरच्या आत्याबाई 'लालकाठी' म्हणतात तो दाण्याचा वाल आहे, शेंग खात नाहीत. त्याचं बी आहे माझ्याकडे, कुणाला हवं असल्यास मूठभर देऊ शकेन. आणि माझा प्रश्न: आमच्या आजोळी 'दुधी वाळूक' म्हणायचे ते कुणाला माहीत आहे का? मार्केट यार्डात विचारलं तर काकडीचं पाकीट दिलं.

---

वेल्हेकर | ५ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

बिबवेवाडी, नवा धागा काढा. आजोळ कुठलं, साल गुळगुळीत की लव असलेली, पिकल्यावर फळ तडकायचं का, आणि कच्चं खायचे की पिकलेलं, हे पहिल्याच प्रतिसादात लिहा.